फोटोवर मागाहून घातलेले ऊन: खरा फ्लेअर कसा वागतो

लग्नाआधीच्या फोटोशूटमध्ये, बाळाच्या पहिल्या वाढदिवसाच्या अल्बममध्ये आणि हल्ली शुभेच्छांच्या फलकांवरसुद्धा एक ठरावीक प्रकाश दिसू लागला आहे. वरच्या कोपऱ्यातून सोनेरी ऊन आत झिरपते, तिथून एका ओळीत रंगीत वर्तुळे उतरत जातात आणि उरलेल्या फोटोवर दुधट थर पसरतो. यातला बराचसा प्रकाश फोटो काढताना तिथे नसतो, तो संगणकावर किंवा मोबाइलवर मागाहून चढवलेला असतो. असे करण्यात मुळात काही गैर नाही, कारण आठवणीसाठी काढलेला फोटो कसा दिसावा हे ज्याचे त्याने ठरवावे. पण हे ऊन पुष्कळदा खोटे वाटते आणि ते का खोटे वाटते हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की, दोन वेगळ्या ठिकाणी घडणाऱ्या गोष्टी एकच समजून वापरलेल्या असतात.

पहिली गोष्ट म्हणजे लेन्स फ्लेअर, आणि तो कॅमेऱ्याच्या आत घडतो. सूर्याचा काही प्रकाश लेन्सच्या काचांमध्ये इकडेतिकडे परावर्तित होऊन जिथे पोहोचायला नको तिथे पोहोचतो. दुसरी गोष्ट म्हणजे हवेतला धूसरपणा, आणि तो कॅमेरा व दृश्य यांच्या मधल्या हवेत घडतो. धूळ, धूर आणि पाण्याचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात म्हणून लांबचे डोंगर फिके दिसतात. जे कॅमेऱ्याच्या आत घडते ते फोटोतल्या सगळ्याच वस्तूंवर चढते, मग ती वस्तू हाताच्या अंतरावर असो की क्षितिजावर. जे हवेत घडते ते मात्र अंतराप्रमाणे वाढत जाते. पुढचे सगळे विवेचन या एका फरकावर उभे आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच काल्पनिक फोटो शेवटपर्यंत धरू. कॅमेरा फुलफ्रेम, लेन्स ५० मिमीची, फोटो आडवा, ६००० पिक्सेल रुंद आणि ४००० पिक्सेल उंच. माळरानावर एक जोडपे कॅमेऱ्यापासून ५ मीटरवर उभे आहे, डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण दिसते आहे, आणि मागे सह्याद्रीच्या तीन-चार रांगा आहेत. कॅमेरा जमिनीपासून कमरेपेक्षा थोडा वर आणि अगदी सपाट धरलेला आहे, त्यामुळे क्षितिजरेषा फोटोच्या मधोमध येते. सूर्य उजवीकडे वर आहे: डावीकडून मोजले तर ४८०० व्या पिक्सेलवर आणि वरून मोजले तर ६०० व्या पिक्सेलवर.

आता लेन्सच्या आत काय होते ते पाहू. रात्री एसटीच्या खिडकीतून बाहेर बघताना काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो, कारण साधी काच तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकते. लेन्समध्ये अशा अनेक काचा एकामागे एक असतात. पृष्ठभाग २० असतील आणि त्यांवर कोणताही लेप नसेल, तर निम्म्याहून जास्त प्रकाश वाटेतच परत फिरेल आणि त्यातला काही पुन्हा उलटून सेन्सरवर येईल. १९३५ मध्ये झाइस कंपनीतल्या अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ पारदर्शक लेप चढवून हे परावर्तन कमी करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आजच्या चांगल्या बहुपदरी लेपांमुळे एका पृष्ठभागावरून होणारे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते.

एवढे असूनही फ्लेअर का उरतो, याचे उत्तर सूर्याच्या तेजात आहे. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा डोक्यावरच्या सूर्याची तबकडी काही हजार पटींनी नव्हे, तर पन्नास हजार पटींच्या आसपास तेजस्वी असते. एका पृष्ठभागावरून ०.३ टक्के प्रकाश परत फिरला आणि त्यातला ०.३ टक्के दुसऱ्या पृष्ठभागावरून पुन्हा सेन्सरकडे वळला, तर उरतो तो साधारण एक लाखावा हिस्सा. एरवी हा नगण्य म्हणावा इतका कमी आहे, पण सूर्याचा एक लाखावा हिस्सा सावलीतल्या कपड्याच्या तुलनेत नगण्य नसतो. दोन पृष्ठभागांच्या प्रत्येक जोडीतून असा एक भटका ठिपका तयार होऊ शकतो, आणि २० पृष्ठभागांच्या १९० जोड्या होतात. छायाचित्रकार या ठिपक्यांना घोस्ट म्हणतात. त्यातले बहुतेक इतके पसरलेले आणि मंद असतात की ते वेगळे दिसतच नाहीत, थोडेच उठून दिसतात. क्षितिजाला टेकलेला सूर्य हवेच्या जाड थरातून आलेला असल्यामुळे बराच मंद असतो, म्हणून मावळतीच्या लालभडक गोळ्याभोवती ठळक घोस्टची माळ दिसली तर मला लगेच शंका येते.

घोस्ट कुठेही पडत नाहीत. लेन्स आपल्या मधल्या अक्षाभोवती सर्व बाजूंनी सारखी असते, त्यामुळे सूर्य आणि फोटोचा मध्य यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच घोस्ट येऊ शकतात. आपल्या फोटोचा मध्य आहे ३००० आणि २०००. सूर्य मध्यापासून १८०० पिक्सेल उजवीकडे आणि १४०० पिक्सेल वर आहे. म्हणजे मध्याच्या पलीकडे तेवढ्याच अंतरावरचा बिंदू १२०० आणि ३४०० येथे पडतो, आणि त्याच्या निम्म्या वाटेवरचा बिंदू २१०० आणि २७०० येथे. घोस्ट सूर्याच्या बाजूला असतील किंवा मध्याच्या पलीकडे, जवळ असतील किंवा लांब, पण या रेषेवरून ते ढळणार नाहीत. मोबाइलवर काढलेल्या रात्रीच्या फोटोत ही गोष्ट अगदी स्पष्ट दिसते: रस्त्यावरच्या दिव्यांचे हिरवट ठिपके मध्याच्या बरोबर पलीकडे, उलट्या आकारात उमटलेले असतात.

आता एडिटिंगच्या टेबलावर काय होते ते बघा. फोटोशॉपमध्ये सर्वसाधारण रीत अशी आहे की, एक नवा लेयर घेऊन तो काळ्या रंगाने भरायचा, त्यावर Filter > Render > Lens Flare चालवायचे आणि लेयरचा मोड Screen करायचा, म्हणजे काळे गायब होऊन फक्त उजळ भाग फोटोवर चढतो. हा फिल्टर ठिपके काढताना त्या लेयरच्या मध्याचा विचार करतो, त्यामुळे सुरुवातीला ओळ बरोबर बसते. मग कोणाला तरी वाटते की सूर्य झाडाच्या थोडा अलीकडे हवा, आणि तो लेयर उचलून सरकवतो. आपल्या फोटोत तो नुसता ६०० पिक्सेल डावीकडे सरकवला, तर घोस्टची ओळही तितकीच सरकते आणि फोटोच्या मध्यावरून न जाता त्याच्या डावीकडून निघून जाते. तयार मिळणाऱ्या ओव्हरलेंच्या बाबतीत तर हे सर्रास होते, कारण त्यांतला फ्लेअर दुसऱ्याच कॅमेऱ्याच्या चौकटीसाठी बनलेला असतो आणि वापरणारा तो ताणून, फिरवून, उलटवून बसवतो.

या कसोटीला एक महत्त्वाची मर्यादा आहे आणि ती विसरून कोणावर आरोप करू नये. खरा फोटो मागाहून एका बाजूने कापला, तर त्याचा मध्य बदलतो आणि खऱ्या घोस्टची ओळसुद्धा नव्या मध्यावरून जात नाही. म्हणून आधी फोटो कापलेला आहे का हे पाहावे लागते. त्या कॅमेऱ्याच्या मूळ फोटोची लांबी-रुंदी ठाऊक असेल आणि समोरची फाइल त्याच मापाची असेल, तर ही कसोटी भरवशाची ठरते. माप वेगळे असेल, तर तिच्यावर एकटीवर निकाल देता येत नाही.

घोस्टचा आकारही बोलका असतो. लेन्सच्या आत प्रकाश आत घेणारे छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर, काही पातळ पात्यांनी बनलेले असते. छिद्र लहान केले की ते षट्कोनी किंवा सप्तकोनी होते, आणि त्यातून गेलेला घोस्टही त्याच आकाराचा दिसतो. छिद्र पूर्ण उघडे असेल तर घोस्ट गोल किंवा कडेला कापल्यासारखा दिसतो. सूर्याभोवतीच्या चांदणीसारख्या टोकदार किरणांचेही मूळ याच पात्यांत आहे: पाती सम संख्येत असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. ही चांदणी एफ/१६ सारख्या लहान छिद्राला रेखीव येते आणि एफ/१.८ ला जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे ज्या फोटोत मागचे डोंगर पूर्ण वितळून गेलेले आहेत, म्हणजे छिद्र नक्कीच मोठे होते, त्यात सूर्याला सोळा धारदार किरण फुटलेले असतील तर त्या दोन गोष्टी एकाच क्षणी एकाच लेन्समधून आलेल्या असण्याची शक्यता फार कमी.

यापुढचा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण खोटेपणा डोळ्यांना बहुतेकदा इथेच खटकतो. घोस्टखेरीज लेन्सच्या आत आणखी एक गोष्ट होते. असंख्य मंद परावर्तने, काचेवरची धूळ, बोटाचे ठसे, लेन्सच्या नळीची आतली बाजू या सगळ्यांमुळे थोडा प्रकाश संपूर्ण सेन्सरवर पातळ पसरतो. त्याला आपण प्रकाशाचा पडदा म्हणू. हा पडदा दृश्यातला कोणताही भाग झाकत नाही, तो फक्त प्रत्येक ठिकाणी थोडा प्रकाश वाढवतो. म्हणजे हा बेरजेचा व्यवहार आहे, आणि बेरीज ज्याच्याकडे कमी असते त्याच्यावर जास्त दिसते.

आकड्यांत पाहू. कॅमेरा नोंदवू शकेल असा सर्वांत जास्त प्रकाश १०० धरला, तर आपल्या जोडप्यातल्या मुलीच्या काळ्या केसांतून १, सावलीतल्या चेहऱ्यावरून १८ आणि आकाशाच्या एका भागातून ८० इतका प्रकाश येतो. पडद्याने सगळीकडे ५ वाढवले. केस १ चे ६ झाले, चेहरा १८ चा २३ आणि आकाश ८० चे ८५. आकाश आणि केस यांच्यातले प्रमाण ८० पटींवरून १४ पटींवर आले. संगणकावर दिसणाऱ्या फाइलमध्ये मात्र प्रकाश असा सरळ साठवलेला नसतो, डोळ्यांना मानवेल अशा वक्राने तो ० ते २५५ या आकड्यांत बसवलेला असतो. त्या आकड्यांत केस सुमारे २५ वरून ६९ वर गेले, चेहरा ११८ वरून १३२ वर आणि आकाश २३१ वरून २३७ वर. म्हणजे खऱ्या पडद्याने काळा रंग चांगलाच उचलला, चेहरा जरासा उजळला आणि आकाशाला जवळपास काहीच झाले नाही.

तेच काम Screen मोडने केले तर काय होते? हा मोड प्रकाशाची बेरीज करत नाही, तर वक्राने बदललेल्या त्या ० ते २५५ च्या आकड्यांवरच आपले गणित चालवतो. केस ६९ पर्यंत आणायचे ठरवून त्या मापाचा राखाडी थर चढवला, तर चेहरा १३२ ऐवजी १४४ च्या आसपास पोहोचतो. वाढ १४ ऐवजी २६, म्हणजे जवळपास दुप्पट. केसांचा काळेपणा नैसर्गिक वाटेपर्यंत थर वाढवावा, तर तोवर चेहरा पांढुरका पडलेला असतो, आणि चेहरा सांभाळावा तर केस कोळशासारखे काळेच राहतात. खूप फोटोंमध्ये चेहरे पावडर लावल्यासारखे दिसतात त्यामागे हा हिशेब आहे. यावर उपाय असा की Image > Mode > 32 Bits/Channel निवडून फाइल सरळ प्रकाशाच्या गणितात न्यावी आणि तिथे Linear Dodge (Add) मोडने थर चढवावा, म्हणजे तो खरोखरच बेरजेसारखा वागतो.

आणि आता तो फरक, जो मी सुरुवातीला सांगितला. काळजीपूर्वक काम करणारे कलाकार सूर्य डोक्यामागे ठेवतात आणि मग मास्क वापरून जोडप्याच्या अंगावरून फ्लेअर पुसून टाकतात, जेणेकरून चेहरे स्वच्छ राहतील. हेतू चांगला आहे, पण खऱ्या फ्लेअरला चेहरा कळत नाही. तो लेन्सच्या आत जन्मलेला असल्यामुळे कोणाच्याही मागे जाऊ शकत नाही. सूर्य केसांच्या कडेतून डोकावत असेल, तर त्याचे तेज केसांच्या कडा खाऊन टाकते, गालावर पसरते आणि कानाची बाहेरची रेषा अस्पष्ट होते. घोस्टसुद्धा शर्टावर, हातावर, जिथे त्याची जागा येईल तिथे बिनदिक्कत उमटतो. तेजाच्या मधोमध कागदातून कापून काढल्यासारखी स्वच्छ मानवी आकृती दिसली, तर तो प्रकाश आकृतीच्या मागे चिकटवलेला आहे असे समजायला हरकत नाही.

फ्लेअर मागे जात नसला तरी स्रोत झाकला की तो नाहीसा होतो. सूर्य डोक्यामागे पूर्ण लपला आणि लेन्सच्या पुढच्या काचेवर त्याचे थेट ऊन पडेनासे झाले की घोस्ट राहत नाहीत आणि पडदाही खूपच पातळ होतो. अर्धा लपला तर तेजही त्या प्रमाणात घटते. उलट, सूर्य चौकटीच्या बाहेर असूनही त्याचे ऊन पुढच्या काचेवर पडत असेल, तर फोटोत सूर्य नसतानाही पडदा येतो. प्रत्यक्ष फोटो काढताना याची खात्री करणे सोपे आहे: लेन्सच्या थोडे वर हात असा धरायचा की त्याची सावली पुढच्या काचेवर पडेल पण हात चौकटीत येणार नाही. फोटोतले रंग तत्क्षणी गडद होतात. लेन्सचा हूड हेच काम करतो.

हवेतला धूसरपणा याच्या नेमका उलट वागतो. जर्मन हवामानशास्त्रज्ञ कोशमीडर यांनी १९२४ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे, अंतर वाढत जाते तसा वस्तूचा स्वतःचा प्रकाश ठरावीक प्रमाणात घटत जातो आणि त्याची जागा हवेने विखुरलेला प्रकाश घेत जातो. कोणत्याही दिवशी किती लांबपर्यंतची काळी वस्तू क्षितिजावर जेमतेम ओळखू येते, त्यावरून ही घट किती हे काढता येते. डिसेंबरातल्या सकाळी शेतातला धूर आणि गारवा खाली साचलेला असताना ही दृश्यता १० किलोमीटर आहे असे धरू. मग ५ मीटरवरच्या जोडप्याचा ९९.८ टक्के प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोहोचतो. १०० मीटरवरच्या बाभळीचा ९६ टक्के, २ किलोमीटरवरच्या पहिल्या रांगेचा ४६ टक्क्यांच्या आसपास, ५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या रांगेचा फक्त १४ टक्के, आणि १० किलोमीटरवरची रांग आकाशात जवळपास विरून जाते.

या आकड्यांचा अर्थ असा की, जोडप्याच्या केसांना फिकट करण्याची ताकद त्या हवेत मुळीच नाही. तितक्या जवळच्या माणसावर हवेचा परिणाम दिसायला दाट धुके लागते. दृश्यता १०० मीटर असलेल्या धुक्यातसुद्धा ५ मीटरवरच्या माणसाचा ८२ टक्के प्रकाश शाबूत पोहोचतो, आणि तेव्हा मागचे डोंगर तर सोडाच, २०० मीटरवरचे झाडही दिसत नाही. म्हणून एखाद्या प्रीसेटने केस, कपडे आणि शेवटची डोंगररांग या सगळ्यांना सारखाच दुधट थर दिला असेल, तर तो हवेचा थर नाही. तो फार तर लेन्सच्या आतला पडदा असू शकतो, आणि त्यासाठी सूर्य तसा समोर असायला हवा. सूर्य पाठीमागे असताना, म्हणजे चेहऱ्यांवर सरळ ऊन असताना, अशा थराला कोणतेच कारण उरत नाही.

धूसरपणा घालायचाच असेल, तर तो अंतराप्रमाणे घालावा लागतो. जोडप्यावर शून्य, बाभळीवर नावापुरता, आणि प्रत्येक मागच्या रांगेवर आधीपेक्षा जास्त. रांगा वेगवेगळ्या निवडून प्रत्येकीला वेगळा मास्क देणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. आणखी एक बारकावा असा की, कण प्रकाश सर्व दिशांना सारखा विखुरत नाहीत, पुढच्या दिशेने ते जास्त विखुरतात. त्यामुळे सूर्याच्या बाजूच्या डोंगरांवरचा धूसरपणा उजळ आणि उबदार असतो, तर सूर्यापासून दूरच्या बाजूचे, सावलीतले डोंगर निळसर दिसतात. एकाच रांगेचे उजवे टोक सोनेरी आणि डावे टोक निळसर, असे आपल्या फोटोत दिसायला हवे. सगळीकडे एकच नारिंगी छटा ही घाईची खूण आहे.

आता उरतो तो सर्वांत जुना आणि पक्का साक्षीदार, म्हणजे सावली. आपल्या फोटोत सूर्य मध्यापासून १४०० पिक्सेल वर आहे. ५० मिमी लेन्सच्या आणि ३६ मिमी रुंद सेन्सरच्या हिशेबाने याचा अर्थ सूर्य क्षितिजावर सुमारे ९ अंशांवर आहे, म्हणजे महाराष्ट्रात सूर्योदयानंतर साधारण पाऊण तासाची वेळ. एवढ्या खालच्या सूर्यात १.७ मीटर उंचीच्या माणसाची सावली सुमारे १० मीटर लांब पडते. जोडपे ५ मीटरवर उभे आहे, म्हणजे सावली कॅमेऱ्याच्या डाव्या बाजूने पुढे येऊन चौकटीच्या खालच्या कडेबाहेर निघून जायला हवी. फोटोत सावली पायाशीच, जेमतेम एक मीटर लांबीची दिसत असेल, तर तो फोटो काढताना सूर्य ६० अंशांच्या आसपास होता. मग तो सूर्य या लेन्सच्या चौकटीत येणे शक्यच नव्हते.

दिशाही तपासता येते. डोक्याच्या टोकापासून त्याच्या सावलीच्या टोकापर्यंत रेषा ओढून ती वर वाढवली, की ती फोटोतल्या सूर्याच्या जागेवर पोहोचायला हवी. माणसासाठी एक, बाभळीसाठी एक, कुंपणाच्या खांबासाठी एक, अशा सगळ्या रेषा त्याच एका बिंदूत भेटायला हव्यात. सपाट जमिनीवरच्या सावल्यांच्या रेषा मागे वाढवल्या तर त्या सूर्याच्या बरोबर खाली, क्षितिजरेषेवर, म्हणजे आपल्या फोटोत ४८०० आणि २००० या बिंदूत भेटतात. फोटोतली फेरफार ओळखण्याचे शास्त्र ज्यांनी पुढे नेले त्या हॅनी फरीद यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सावल्यांच्या याच भूमितीवरून विसंगती पकडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सावलीची टोके नेमकी सापडत नाहीत ही अडचण त्यांनीही ध्यानात घेतली आहे. म्हणून ते एका रेषेऐवजी प्रत्येक सावलीला एक पाचर देतात, आणि त्या सगळ्या पाचरींना सामाईक असा एखादा भाग उरतो का ते पाहतात.

चेहऱ्यावरचा प्रकाशही याच्याशी जुळला पाहिजे. सूर्य समोर, म्हणजे जोडप्याच्या पाठीशी असेल, तर केसांना आणि खांद्यांना उजळ कड येते आणि चेहरा सावलीत राहतो. तो उजळवायचा असेल तर छायाचित्रकार रिफ्लेक्टर किंवा फ्लॅश वापरतात आणि त्याची चमक बुबुळात दिसते. पाठीमागे सूर्य चिकटवलेला आणि नाकाची सावली मात्र गालावर आडवी पडलेली, ही जोडी सर्वांत जास्त आढळते, आणि आश्चर्य म्हणजे सर्वांत कमी लोकांच्या लक्षात येते.

सूर्याचे मापही एकदा मोजावे. सूर्याची तबकडी आकाशात सुमारे अर्धा अंश जागा घेते. आपल्या ५० मिमीच्या फोटोत ती ७७ पिक्सेलच्या आसपास भरते, म्हणजे रुंदीच्या सव्वा टक्क्याच्या जवळपास. तेजामुळे तिच्याभोवतीचा भाग पांढरा फटफटीत होऊन गोळा मोठा वाटतो, हे खरे, पण रेखीव कडेचा, लालसर, चेहऱ्याएवढा सूर्य या लेन्समधून येणार नाही. तो २०० मिमीच्या लेन्समध्ये ३०० पिक्सेलच्या आसपास येईल, पण मग पूर्ण उंचीचे जोडपे चौकटीत बसवण्यासाठी छायाचित्रकाराला जोडप्यापासून सुमारे २० मीटरवर उभे राहावे लागले असते आणि मागच्या डोंगररांगाही तितक्याच मोठ्या दिसल्या असत्या.

या सर्व कसोट्या भूमितीच्या आणि प्रकाशाच्या बेरजेच्या आहेत, आणि ज्याला त्या ठाऊक आहेत त्याने त्या सगळ्या पाळून घातलेला फ्लेअर नुसत्या नजरेने ओळखता येणार नाही. घोस्टची ओळ मध्यावरून, रंग सूर्याला साजेसा, पडदा खऱ्या बेरजेने चढवलेला, सावल्या मुळातच त्या दिशेच्या, असे सारे जमवलेले असेल तर फोटो पाहून निकाल देण्याचा आग्रह धरू नये. तेव्हा उपयोगी पडते ती कॅमेऱ्यातली मूळ रॉ फाइल, कारण तिच्यात जे सेन्सरवर पडले तेच नोंदलेले असते. बातमीच्या छायाचित्रांच्या स्पर्धांमध्ये अंतिम टप्प्यात मूळ फाइल मागितली जाते ती यासाठीच. तिथे नसलेला प्रकाश घालणे हे दृश्यात नसलेली वस्तू घालण्यासारखेच धरले जाते, आणि मला ते रास्त वाटते, कारण बातमीच्या फोटोत सूर्य कुठे होता यावरून घटना किती वाजता आणि कोणत्या दिशेला घडली हे ठरवले जाते.